उंचावरून पडून मृत्यू: पहिल्या सूचनेत काय लिहावे

बांधकामाच्या साइटवर कामगार उंचावरून पडून दगावला, तर त्याची खबर कामगार खात्याला तातडीने देणे कंत्राटदारावर बंधनकारक असते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्याच्या कलम 39 मध्ये हे बंधन होते आणि ते किती वेळात पाळायचे हे 1998 च्या केंद्रीय नियमांतल्या नियम 210 मध्ये होते. जीवघेण्या अपघाताची सूचना फोन, फॅक्स किंवा खास माणूस पाठवून चार तासांत द्यायची. ती प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय), कामगाराची नोंदणी असलेले कल्याणकारी मंडळ, महासंचालक आणि मृताचे जवळचे नातेवाईक यांना जायला हवी. शिवाय जवळचे पोलीस ठाणे आणि जिल्हा दंडाधिकारी यांनाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत सामावला गेला. मृत्यूची सूचना देण्याचे बंधन संहितेत कायम आहे; वेळ आणि पद्धत नियमांवर सोपवली आहे. खासगी इमारतींच्या साइट राज्याच्या अखत्यारीत येतात आणि तिथे राज्याचे नियम लागू होतात. पुढचे विवेचन केंद्रीय नियमाच्या चौकटीत आहे, कारण चार तासांची शिस्त तिथे स्पष्ट लिहिलेली आहे.

हे चार तास चौकशीसाठी नसतात. एवढ्या वेळात अपघात का झाला हे ठरवता येत नाही आणि नियमाची तशी अपेक्षाही नाही. काय घडले, कुठे, कधी, कोणाला आणि आत्ता जागेची स्थिती काय आहे, एवढे अधिकाऱ्याला कळावे, म्हणजे जागा बदलण्याआधी तो पोहोचू शकेल, हा त्यामागचा उद्देश आहे. सविस्तर अहवाल ठरलेल्या नमुन्यात नंतर जातो. तरीही पहिल्या सूचनेत सर्वांत आधी शिरते ते कारणच, आणि तेही बहुधा एकाच साच्यातले: ‘सेफ्टी बेल्ट न लावल्यामुळे तोल जाऊन’. हे लिहिणाऱ्याने पडताना पाहिलेले नसते. बेल्ट होता की नव्हता, होता तर त्याचा हूक कशाला अडकवायचा, तशी लाइफलाइन तिथे बांधलेली होती का, यातले काहीच त्याने तपासलेले नसते.

एक कल्पित पण साइटवर सहज घडणारे उदाहरण घेऊ. भुसावळला रेल्वे कर्मचाऱ्यांच्या निवासाची सात मजली इमारत उभी राहते आहे. सहाव्या मजल्यावर शटरिंग काढण्याचे काम चालू आहे. सकाळी सव्वादहाच्या सुमारास लिफ्टच्या डक्टमधून मोठा आवाज येतो. तळाशी असलेला गवंडी धावत जातो, तर खड्ड्यात एक कामगार निपचित पडलेला. 108 ची रुग्णवाहिका त्याला सरकारी रुग्णालयात नेते. डॉक्टर 11.05 वाजता तो दाखल होण्यापूर्वीच मृत असल्याचे सांगतात. मुकादम म्हणतो, ‘सहाव्या मजल्यावरून पडला, साठ फूट तरी असेल.’ सूचना लिहायला बसलेल्या सेफ्टी ऑफिसरपुढे एवढी माहिती असते, आणि ती पुरेशी वाटते.

पण यातला मजला कोणी पाहिलेला नाही. त्याला सहाव्या मजल्यावर काम दिले होते, म्हणून तो तिथूनच पडला असे सगळे धरून चालले आहेत. बाजूच्या कामगाराला विचारले तर तो सांगतो की दहाच्या सुमारास तो सहाव्या मजल्यावर दिसला, मग प्लायचे तुकडे आणायला खाली जातो म्हणाला. आता सहाव्या आणि पाचव्या अशा दोन्ही मजल्यांवरची डक्टची तोंडे बघायला हवीत. सहाव्या मजल्यावर आडवे पाइप दोन्ही बाजूंनी घट्ट आहेत. पाचव्यावर वरचा पाइप एका टोकाने सुटून लोंबकळतो आहे. सूचनेत ‘सहाव्या मजल्यावरून’ असे लिहिले गेले, तर अधिकारी आधी सहाव्या मजल्यावर जाईल आणि तिथे सगळे जागेवर दिसेल. तोवर पाचव्या मजल्यावरचा पाइप कोणीतरी कदाचित निव्वळ काळजीपोटी पुन्हा बसवलेला असेल. एका गृहीत धरलेल्या मजल्यामुळे चौकशीची दिशाच बदलते.

उंचीचेही तसेच आहे. ‘साठ फूट’ हा अंदाज आहे. नकाशात सहाव्या मजल्याचा स्लॅब तळमजल्यापासून 18 मीटरवर आणि डक्टचा खड्डा आणखी 1.6 मीटर खोल दाखवला असेल, तर सहाव्यावरून पडण्याची उंची 19.6 मीटर होते. पाचव्यावरून पडला असेल तर तीन मीटर कमी. हे दोन्ही आकडे नकाशावरून काढता येतात, टेप घेऊन कोणालाही डक्टमध्ये उतरावे लागत नाही. मजला ठरलेला नसताना त्यातला एकच आकडा लिहिणे मात्र चूक. नमुन्यात उंचीचा रकाना असला तरी तिथे ‘निश्चित नाही’ असे लिहिता येते. रकाना रिकामा दिसू नये म्हणून लिहिलेला अंदाज पुढे दर कागदावर पक्का आकडा होऊन फिरत राहतो.

वेळ एकच नसते, तीन असतात: आवाज ऐकू आल्याची, कामगार सापडल्याची आणि डॉक्टरांनी मृत घोषित केल्याची. तिन्ही वेगवेगळ्या लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती कोणाकडून कळली तेही लिहावे. आवाजाची वेळ गवंड्याच्या सांगण्यावरून ‘सव्वादहाच्या सुमारास’ अशीच ठेवावी, 10.15 करू नये. रुग्णवाहिकेला केलेल्या फोनची वेळ मोबाइलवर नेमकी असते, ती तशी द्यावी. मृत्यूचे कारण या सूचनेत येऊ शकत नाही. ‘डोक्याला मार लागून’ हे जखम पाहणाऱ्याचे मत झाले. कारण शवविच्छेदनानंतर कळते, आणि तोवर पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची नोंद असते.

सर्वांत नाजूक बाब म्हणजे नाव. मजूर पोटकंत्राटदारामार्फत येतात. गेटपास एकाच्या नावाचा आणि आत काम करणारा दुसराच, असे होते. त्याच दिवशी सकाळी आलेल्याचे नाव मस्टरवर चढलेलेही नसते. अशा वेळी मस्टर बघून नाव लिहिणे धोक्याचे असते, कारण सूचना नातेवाइकांनाही जायची असते आणि चुकीच्या घरी मृत्यूचा निरोप पोहोचू शकतो. गेटपासवरचा फोटो, आधारची प्रत आणि सोबत राहणाऱ्या गाववाल्याने पटवलेली ओळख यांतले निदान दोन पुरावे जुळले की नाव लिहावे. जुळत नसतील तर ‘ओळख पटवण्याचे काम चालू आहे’ असे लिहून सूचना वेळेत पाठवावी. नावासाठी ती अडवून ठेवू नये. मस्टरवर नाव नसेल, तर ते नाही असेच लिहावे. दुपारी मागच्या तारखेने हजेरी भरली, तर अपघाताच्या जोडीला बनावट नोंदीचा प्रश्न उभा राहतो.

वर दिलेल्या प्रसंगाची सूचना साधारण अशी होईल: ‘आज सव्वादहाच्या सुमारास लिफ्टच्या डक्टमधून आवाज आल्याचे तळमजल्यावरील गवंड्याने सांगितले. डक्टच्या खड्ड्यात एक पुरुष कामगार आढळला. 10.22 वाजता रुग्णवाहिका बोलावली. सरकारी रुग्णालयात 11.05 वाजता डॉक्टरांनी त्यास मृत घोषित केले. त्यास शटरिंगच्या कामासाठी सहाव्या मजल्यावर नेमले होते. दहाच्या सुमारास तो तेथे दिसल्याचे सहकाऱ्याने सांगितले. पडताना कोणी पाहिल्याचे आढळलेले नाही. कोणत्या मजल्यावरून पडला ते निश्चित नाही. 11.40 वाजता पाहणी केली असता सहाव्या मजल्यावरील डक्टच्या तोंडाचे पाइप जागेवर होते, पाचव्या मजल्यावरील वरचा पाइप एका टोकाने सुटलेला होता. सकाळच्या तपासणी नोंदवहीत दोन्ही तोंडे बंदिस्त असल्याची 8.30 ची नोंद आहे. दोन्ही मजल्यांवरील काम थांबवले असून जागा आहे तशी राखली आहे. आजच्या मस्टरवर या कामगाराचे नाव नाही. ओळख पटवण्याचे काम चालू आहे.’ खाली पाठवणाऱ्याचे नाव, हुद्दा, फोन आणि पाठवल्याची वेळ.

या मजकुरात कारण नाही. पण कंत्राटदाराला अडचणीचे वाटेल असे बरेच काही आहे: सुटलेला पाइप, मस्टरवर नसलेले नाव. ‘फक्त पडताळलेले’ या शिस्तीचा खरा कस इथेच लागतो. बऱ्याच ठिकाणी या शब्दांचा अर्थ ‘शक्य तेवढे कमी’ असा घेतला जातो. वकिलाचा फोन येतो आणि सूचना ‘साइटवर एका कामगाराचा दुर्दैवी मृत्यू झाला आहे’ एवढ्या एका वाक्यावर येते. सेफ्टी ऑफिसरने स्वतः पाहिलेला सुटलेला पाइप ही त्या क्षणी त्याच्याकडची सर्वांत पक्की माहिती असते. अंदाज गाळण्याचा नियम पाळायचा, तर पाहिलेले लिहिण्याचाही पाळायला हवा. नोंदवहीतली 8.30 ची नोंदही तशीच यावी: ती नोंद आहे एवढे खरे, त्या वेळी पाइप खरोखर जागेवर होता की नव्हता, ते चौकशीत ठरेल.

बेल्टचा उल्लेख करण्यामागे बहुधा नुकसानभरपाईची भीती असते. ही भीती गैरसमजातून आलेली आहे. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कामगाराने दारू प्यायली होती, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला किंवा सुरक्षासाधन मुद्दाम काढून टाकले, हे बचाव होते. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर ते चालत नसत. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही हीच तरतूद ठेवलेली आहे. म्हणजे ‘बेल्ट लावला नव्हता’ हे सिद्ध झाले तरी त्या जोरावर मृताच्या कुटुंबाची भरपाई नाकारता येत नाही. उलट तपासात लाइफलाइनच नव्हती असे निघाले, तर कंत्राटदाराने सही करून पाठवलेले पहिलेच विधान खोटे ठरते, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या गुन्ह्यात ते त्याच्याच विरुद्ध पुढे येते.

पहिल्या सूचनेतले एखादे विधान नंतर चुकीचे ठरले, तर जुना कागद बदलू नये. वेळ आणि तारीख टाकून पूरक सूचना पाठवावी आणि कोणती ओळ कशाच्या आधारे बदलते आहे ते तीत सांगावे. दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन ओळख पटवतो, तेव्हा नाव अशाच सूचनेने कळवायचे. जखमी कामगार लगेच न दगावता काही दिवसांनी रुग्णालयात दगावला, तर नियम 210 नुसार त्या मृत्यूची लेखी सूचना 72 तासांत वेगळी द्यावी लागते. आधीच्या सूचनेत तो ‘जखमी’ म्हणून गेलेला असल्याने ही दुसरी सूचना विसरण्याचा संभव सर्वाधिक असतो, म्हणून रुग्णालयात रोज चौकशी करणाऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावे लागते.