ठरलं तेव्हा काय ठाऊक होतं

चेन्नईत 2010 साली सुरू झालेलं फ्रेशडेस्क रूबी ऑन रेल्स आणि मायएसक्यूएलवर उभं होतं. ग्राहक वाढत गेले तसा एका डेटाबेसला भार पेलवेना. आधी मोठा सर्व्हर घेऊन पाहिला, वाचनासाठी वेगळ्या प्रती केल्या, कॅशिंग आणलं. हे सगळं करून झाल्यावर ग्राहकाच्या खात्यानुसार डेटा अनेक डेटाबेसमध्ये वाटायचं ठरलं. कंपनीच्या अभियंत्यांनी हा प्रवास नंतर जाहीरपणे लिहिला, आणि तो शिकण्यासारखा आहे.

पण असं लेखन निकाल कळल्यानंतरचं असतं. शेवट ठाऊक असला की मधल्या शंका आपोआप गळतात, टाकून दिलेले पर्याय मूर्खपणाचे वाटू लागतात आणि घेतलेला निर्णय अटळ भासतो. निर्णयाची नोंद, म्हणजे सॉफ्टवेअरवाले जिला एडीआर म्हणतात ती, नेमकी याच्या उलट वेळी लिहायची असते: निकाल कुणालाच ठाऊक नसताना.

मायकेल नायगार्ड यांनी नोव्हेंबर 2011 मध्ये तिचा साचा मांडला. शीर्षक, परिस्थिती, निर्णय, स्थिती आणि परिणाम, एवढंच. लांबी एक-दोन पानं. फाईल कोडच्याच भांडारात, क्रमांक देऊन ठेवायची. निर्णय बदलला तर जुनी नोंद पुसायची नाही. ‘अमुक क्रमांकाने बदलली’ असा शेरा मारून नवी लिहायची. थॉटवर्क्स कंपनीने 2016 मध्ये आपल्या टेक्नॉलॉजी रडारवर ही पद्धत आजमावण्याजोगी म्हणून नोंदवली आणि पुढे ती सरळ स्वीकारा असं सांगितलं.

आता चेन्नईतल्या ओएमआर रस्त्यावरची एक छोटी कंपनी कल्पू. रुग्णालयांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. फेब्रुवारी 2021 मध्ये तिने लॉगिन-सेशन ठेवायला रेडिस निवडलं आणि चौदावी नोंद लिहिली. मेमकॅश्ड का नको? ते पुन्हा सुरू केलं की सगळे सेशन पुसले जातात आणि ओपीडीच्या गर्दीत सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागतं. रेडिस डेटा डिस्कवर लिहू शकतं. शिवाय त्याचा परवाना बीएसडी, आणि काही रुग्णालयं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवून घेत असल्याने रेडिसही सोबत द्यावं लागणार होतं. ‘परिणाम’ या सदरात उणी बाजूही होती: सांभाळायला आणखी एक सेवा वाढेल, आणि डिस्कवर दर सेकंदाला लिहायचं ठरवल्याने सर्व्हर कोसळला तर शेवटच्या सुमारे सेकंदभराचा डेटा जाईल.

20 मार्च 2024 रोजी रेडिसने पुढच्या आवृत्त्यांसाठी बीएसडी परवाना सोडल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 7.2.4 या आवृत्तीपासून व्हॅल्की हा फाटा निघाला. जगभरच्या टीममध्ये एकच प्रश्न आला: आपण हलायचं का?

नोंद नसेल तर यावर मतं निघतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं मत चालतं. नोंद असेल तर प्रश्न आकसतो. रेडिस फक्त आपल्याच सर्व्हरवर चालत असतं, तर परवाना बदलल्याने घाईचं काही कारण नव्हतं. नव्या अटींचा रोख मुख्यतः रेडिस हीच सेवा म्हणून विकणाऱ्यांवर होता. इथे मात्र ते ग्राहकाच्या हाती दिलं जात होतं आणि परवाना हे निवडीचं लिखित कारण होतं. म्हणजे वकिलाला विचारणं किंवा व्हॅल्कीकडे जाणं, यातलं एक करणं भाग होतं. व्हॅल्की ठरलं, तर adr-tools या साधनात एवढी ओळ पुरते. नवी नोंद तयार होते आणि चौदावीवर शेरा पडतो:

```
adr new -s 14 "Use Valkey for session storage"
```

पुढे मे 2025 मध्ये रेडिस 8 सोबत एजीपीएल परवान्याचा पर्याय आला. तेव्हा पुन्हा चर्चा झाली तरी ती शून्यापासून करावी लागत नाही.

अशा नोंदी बिघडतात त्या बहुधा उशिरामुळे. ऑडिट आलं की एका दुपारी वीस फायली लिहिल्या जातात. ओळखायला सोपं आहे: गिटमध्ये फायलीची तारीख पाहावी. साधन वापरणारा कोड मार्चमध्ये आणि नोंद ऑगस्टमध्ये शिरली असेल, तर ती नोंद कमी आणि समर्थन जास्त. दुसरी खूण म्हणजे परिणामांत फक्त फायदे. ‘सगळे हेच वापरतात’ हे कारणही संशयास्पदच. निदान टीममधल्या दोघांना ते साधन येत होतं आणि दुसरं कुणालाच येत नव्हतं, असं प्रांजळपणे लिहिलं तर ते दोघे नोकरी सोडून गेल्यावर कारण संपलं हे कळतं.

आणि प्रत्येक लायब्ररीसाठी नोंद नको. दिवसभरात मागे घेता येईल अशी निवड लिहून ठेवली, तर पन्नासाव्या फायलीनंतर चौदावी कुणी उघडत नाही.