चोर तो चोर, वर भरपाई?

समजा, रावेरकडच्या केळीच्या बागेत रात्री कुणीतरी मोटरची केबल चोरायला शिरलं. शेतकऱ्याने कुंपणाच्या तारेत थेट 230 व्होल्टची लाईन सोडलेली. चोर वाचला, पण हात गेला. आता तो शेतकऱ्याकडे भरपाई मागतोय. आपल्या तोंडी लगेच येतं, चोर तो चोर, वर शिरजोर!

पण सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’ खटल्यात वेगळं उत्तर दिलं. एका शेजारणीच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून ती ग्रेगरीच्या संडासात जायची. त्याने तोंडी मनाई केली, आणि शेवटी वाटेवर उघडी तांब्याची तार बांधून तिच्यात घरची वीज सोडली. तारेत वीज आहे, हे मात्र सांगितलं नाही. परतताना तिचा हात लागला आणि ती मेली. ‘ती विनापरवाना आली होती, मी मालमत्तेचं रक्षण केलं,’ हा बचाव टिकला नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा दोष कायम राहिला. परवानगीशिवाय आत आलेला माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

हा फौजदारी खटला, आणि ती शेजारीण काही चोर नव्हती. खऱ्या चोराने भरपाई मागितल्याचा गाजलेला दावा अमेरिकेतल्या आयोवाचा आहे. ओसाड घरात जुन्या बाटल्या चोरायला गेलेल्या काटकोने खोलीचं दार उघडलं, आणि दाराला जोडलेली बंदूक त्याच्या पायावर सुटली. चोरीबद्दल त्याला 50 डॉलर दंड झाला. पण घरमालकाने त्याला 30,000 डॉलर द्यावेत असा निकाल लागला, आणि वरच्या न्यायालयाने 1971 साली तो निकाल कायम ठेवला.

अन्याय वाटतो ना? पण स्वसंरक्षणाचा हक्क आपल्या कायद्यात आहेच. रात्री घर फोडणाऱ्याविरुद्ध तो पार जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. मात्र त्या क्षणी धोका किती, तेवढ्यापुरतंच बळ वापरायचं असतं. हा अंदाज घ्यायला तिथे माणूस लागतो. तारेला तो घेता येत नाही. चोर, वाट चुकलेला मजूर आणि चेंडू आणायला आलेलं पोर, तिच्यासाठी सगळे सारखेच.

म्हणून चोराप्रती मालकाचं कर्तव्य असतं, पण ते छोटं असतं. अंधारात चोर शेतातल्या जुन्या विहिरीत पडला, तर त्याचा दावा बराच कमजोर ठरेल, कारण विहीर पाण्यासाठी खोदलेली असते. चोरासाठी रस्ता सुरक्षित ठेवा, असं कुणी म्हणत नाही. फक्त त्याच्यासाठी सापळा लावू नका.

बाग राखायला सौर कुंपण आहेच. त्यात व्होल्टेज हजारोंत असतं, पण साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचाच झटका बसतो. प्राणी किंवा माणूस दचकून मागे सरकतो. थेट लाईनची वीज सलग वाहते, आणि आखडलेला हात तार सोडू शकत नाही. पहिलं कुंपण हाकलतं, दुसरं शिक्षा देतं. आणि केबल चोरल्याची शिक्षा हात गमावणं ही नाही.