बेडसोरची पायरी : फोटोत दिसते तेवढी आणि न दिसणारी

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या माकडहाडावर, खुब्यावर किंवा टाचेवर पडणाऱ्या बेडसोरच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत कातडी शाबूत असते, पण लाली बोटाने दाबली तरी पांढरी पडत नाही. दुसरीत वरची कातडी सोललेली असते; तळ गुलाबी, ओलसर दिसतो किंवा पाण्याने भरलेला फोड येतो. तिसरीत खाली चरबी दिसते, चौथीत स्नायू किंवा हाड उघडे पडते.

आता अनेक घरांत जखमेचा फोटो परगावच्या मुलाला किंवा डॉक्टरला पाठवून पायरी विचारली जाते. फोटोचा उपयोग खराच आहे, पण नेमकी पहिली पायरी त्यात निसटते. दाबल्यावर कातडी पांढरी पडते का, आजूबाजूपेक्षा ती गरम किंवा घट्ट लागते का, हे बोटालाच कळते. सावळ्या कातडीवर तर लाली अनेकदा दिसत नाही, फक्त काळपट-जांभळी झाक येते. असा जांभळा डाग कातडी न फाटताही खोलवरच्या इजेचा असू शकतो आणि काही दिवसांत उकलतो.

एक नमुना घेऊ. आजींच्या माकडहाडावर तीन सेंटिमीटरची जखम आहे. कडा गुलाबी, मध्यभागी नखाएवढा पिवळट, चिकट थर. उथळ दिसते म्हणून घरचे तिला दुसऱ्या पायरीत धरतात. पण दुसऱ्या पायरीत पिवळा मृत थर नसतोच. तो तळ झाकत असेल, तर थर निघेपर्यंत खोली सांगता येत नाही. जखम तिसरी किंवा चौथीच समजावी. कडेखाली पोकळी किती आत गेली आहे, हेही फोटोत उमटत नाही. ते नर्स निर्जंतुक काडीने तपासते. इथे घरगुती मलमपट्टीची हद्द संपते.

फोटो तुलनेला उपयोगी पडावा, तर जखम सलाइनने धुऊन, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, दर वेळी त्याच कुशीवर झोपवून, शेजारी तारीख लिहिलेली कागदी पट्टी ठेवून काढावा. मात्र प्रत्येक लाली बेडसोरची नसते. डायपरच्या ओलीने घळीत पसरलेली, अस्पष्ट कडांची लाली बहुधा दाबाची नसते. दाबाची जखम हाडाच्या उंचवट्यावर येते.

पहिल्या-दुसऱ्या पायरीत कूस बदलणे, दाब काढणे आणि साधे ड्रेसिंग घरी जमते, पण तेही एकदा नर्सकडून शिकून घ्यावे. तळ पिवळा-काळा असेल, चरबी दिसत असेल, घाण वास, पू किंवा वाढती लाली असेल, किंवा दोन आठवड्यांत जखम आकसली नाही, तर नर्सला बोलवावे. टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली घरी कधीही काढू नये. ताप आला, रुग्ण अचानक बरळू लागला किंवा हाड दिसले, तर नर्सचीही वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.