सातबाऱ्यावरचं दुसरं नाव

आई-वडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि मुलीनं चार शब्द बोलायचे ठरले, की आईनं किती सोसलं आणि वडिलांनी किती कष्ट उपसले हे ओघानंच येतं. सोसण्याचं असं कौतुक मला नको वाटतं, कारण ते ऐकणाऱ्या प्रत्येक मुलीला सोसायला शिकवतं. म्हणून यंदा निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी आई-पप्पांच्या समारंभात मी पाच मिनिटं बोलले ती एका सातबाऱ्यावर.

गावाकडे बाईचं नाव जमिनीला लागतं ते बहुधा नवरा गेल्यावर, वारस नोंदीनं. तोवर ती खुरपते, छाटणी करते, कांदा काढते, पण कागदावर ती शेतकरी नसते. आमच्या शेजारच्या चांदवडला 1986 मध्ये शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : नवऱ्यानं हयातीतच काही जमीन बायकोच्या नावे करावी. पुढे सरकारनंही 1992 च्या परिपत्रकानं नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. काकांशी वाटप झाल्यावर पप्पांनी हाच अर्ज दिला. मी तेव्हा चौथीत होते. भावकीतल्या एकांनी विचारलं, "उद्या भांडून माहेरी गेली तर?" पप्पा म्हणाले, "मी गेल्यावर तिचं नाव लागणारच आहे. मग मी असताना का नको?"

या वाक्याला टाळ्या पडल्या. मला मात्र त्याच्या पुढचं सांगायचं होतं. नाव लावणं सोपं असतं, त्या नावाचं ऐकणं अवघड.

2014 च्या गारपिटीत आमची द्राक्षबाग झोडपली गेली. सोसायटीचं कर्ज अंगावर होतं. पप्पांनी रस्त्याकडचा अर्धा एकर विकायचं ठरवलं, गिऱ्हाईकही आणलं. इसार घेण्याआधी आईला म्हणाले, "अमुक दिवशी सही करायला निफाडला यायचंय." आई म्हणाली, "मी येणार नाही. रस्त्याकडचा तुकडा गेला तर मागच्या रानात ट्रॅक्टर कुठून न्यायचा?" पप्पांनी हा विचार केलाच नव्हता. गिऱ्हाईक वाट देईन म्हणत होतं, पण तोंडी. दोघं काही दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, निरोप माझ्यामार्फत जायचे. शेवटी व्यवहार मोडला. अर्धी बाग काढून तिथं टोमॅटो लावला, कर्जाचं पुनर्गठन करून घेतलं आणि ते फेडायला पुढची कित्येक वर्षं गेली. पप्पांच्या मते तेव्हा विकलं असतं तर लवकर मोकळे झालो असतो. आईच्या मते रान अडकलं असतं. यावर आमच्या घरात आजही वाद होतो.

मी मांडवात सगळ्यांना सांगितलं, की लग्न म्हणजे काय हे मला त्या अबोल्यात कळलं. पप्पांना रागावण्याची मुभा होती, पण आईला ओलांडून जायला वाट नव्हती. ती वाट त्यांनी स्वतःच, काहीही अडलेलं नसताना, आधी बंद करून ठेवली होती. प्रेम असलेली जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत, पण स्वतःचा एकट्याचा अधिकार असा कमी करून घेणारा नवरा क्वचितच दिसतो.

नुसत्या नोंदीनं हे होत नाही, हेही खरं. आमच्याच गावात बायकोचं नाव असलेले उतारे बरेच आहेत. त्या घरांत गेलं तर आधी हे बघावं, की तिला आपला गट नंबर माहीत आहे का, पासबुक कुणाच्या कपाटात असतं, आणि सही करण्याआधी तिला कागद कुणी वाचून दाखवतं का. आईनं स्वतः माहेरी हक्कसोडपत्रावर न वाचता सही केली होती. त्या सहीची किंमत तिला पुढे कळली, म्हणून सासरची प्रत्येक सही ती चष्मा लावून, बोट ठेवून वाचल्याशिवाय करत नाही. लक्ष्मीमुक्तीच्या नोंदीची मर्यादाही तिला ठाऊक आहे : नाव लागतं, पण तिचा हिस्सा किती हे वेगळं लिहिलेलं नसतं.

भाषण संपल्यावर आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "कागद कोणते लागतात गं?" मी तिला म्हटलं, सामायिक जमीन असेल तर आधी वाटप करून घ्या. मग मामांचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, तो फेरफार धरतो, नोटीस निघते, कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. स्वतंत्र मालकीच हवी असेल तर बक्षीसपत्र करावं लागेल. शेतजमीन बायकोला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, नोंदणीचा आणि बाकीचा खर्च वेगळा. आत्यानं विचारलं, "आणि ते नाही म्हणाले तर?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिला आईजवळ नेऊन बसवलं.