पारेंती, मोर्बिदो, एव्हेंतुआल्मेंते : ओळखीच्या चेहऱ्याचे परके शब्द

इटालियन भाषेतले पारेंती, मोर्बिदो आणि एव्हेंतुआल्मेंते हे शब्द इंग्रजी जाणणाऱ्याला पाहताक्षणी ओळखीचे वाटतात. पेरेंट्स, मॉर्बिड, इव्हेंच्युअली हे इंग्रजी शब्द त्याच लॅटिन कुळातले. पण दोन्ही भाषांत अर्थाच्या वाटा वेगळ्या झाल्या. पारेंती म्हणजे आईवडील नव्हेत, नातेवाईक. मोर्बिदो म्हणजे रोगट नव्हे, मऊ. एव्हेंतुआल्मेंते म्हणजे अखेरीस नव्हे, तसा प्रसंग आल्यास. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न असतो आणि मराठीत थट्टा, तसाच हा प्रकार आहे.

गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाला इटालियन टाळता येत नाही. दिवाडी बेटावरचे मातेउश दे काश्त्रु रोममध्ये शिकले, १६३७ साली बिशप झाले आणि परतल्यावर डिचोलीत राहिले. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती, म्हणजे पोर्तुगीज सत्तेच्या हद्दीबाहेर. १६२२ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या प्रोपागांदा फिदे या धर्मप्रसार मंडळाचा त्यांना पाठिंबा होता. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचा माग काढताना या मंडळाच्या रोममधल्या दफ्तरापर्यंत जावे लागते. तिथे लॅटिन, पोर्तुगीज आणि इटालियन कागद शेजारीशेजारी येतात.

तीनपैकी पारेंती सर्वांत घातक, कारण त्यावर वारसा ठरतो. नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ : ‘इन मांकान्त्सा दी फील्यी, इ बेनी पास्सानो आइ पारेंती प्यू प्रोस्सिमी.’ मुले नसल्यास मालमत्ता सर्वांत जवळच्या नातेवाइकांकडे जाते, हा याचा अर्थ. इंग्रजीच्या आधारे चालणारा अनुवादक इथे ‘जवळच्या आईवडिलांकडे’ असे लिहितो आणि भाऊ, पुतणे, भाचे एका फटक्यात बाद होतात. चूक पकडण्याची खूण मात्र त्याच वाक्यात आहे. आईवडील जवळचे आणि लांबचे अशा प्रतीचे नसतात, म्हणून ‘प्यू प्रोस्सिमी’ हे शब्द दिसताच पेन थांबले पाहिजे. पारेंतीपुढे नात्याची ‘चौथी पायरी’ असा उल्लेख असला, तरी तीच शंका घ्यावी. आईवडिलांसाठी इटालियनमध्ये जेनितोरी हा वेगळा शब्द आहे.

तरीही ‘नातेवाईक’ लिहून काम संपत नाही. इटालियन दिवाणी संहिता रक्ताच्या नात्याला पारेंतेला म्हणते आणि विवाहाने जोडलेल्या नात्याला आफ्फिनिता. मराठीतला ‘नातेवाईक’ सासुरवाडीलाही सामावून घेतो. कायद्याच्या कागदात म्हणून पारेंतींना ‘रक्ताचे नातेवाईक’ म्हणणेच बरे. आफ्फिनीसाठी मात्र मराठीत ‘सोयरे’ हा नेमका शब्द तयार आहे. ‘सगेसोयरे’ या जोडशब्दात आपल्या समाजाने हा भेद केव्हाच नोंदवून ठेवला आहे, आणि तो वापरायला अनुवादकाने कचरू नये.

एव्हेंतुआल्मेंतेची गडबड आजच्या करारपत्रांत जास्त होते. पेडणे तालुक्यात हरमल, मांद्रे, मोरजी या किनारी गावांत परदेशी पाहुणे हंगामभर घरे भाड्याने घेतात. अशा एखाद्या इटालियन मसुद्यात भाडे ‘एव्हेंतुआल्मेंते’ वाढवता येईल असे असले, तर त्याचा अर्थ ‘तशी गरज पडल्यास’ एवढाच. त्याचे ‘कालांतराने भाडे वाढेल’ असे भाषांतर झाले, की शक्यता होती तिथे निश्चिती येते आणि घरमालक व भाडेकरू वेगवेगळे करार वाचू लागतात. ‘एव्हेंतुआली दान्नी’ म्हणजेही झालेच तर होणारे नुकसान, अखेरीस होणारे नव्हे. इथे परीक्षा सोपी आहे. शब्दाच्या जागी ‘प्रसंग आल्यास’ घालावे आणि वाक्य अडखळते का ते पाहावे. खरोखर ‘अखेरीस’ म्हणायचे असेल, तर इटालियन माणूस ‘आल्ला फीने’ म्हणतो.

या दोन्ही शब्दांत गोव्याच्या अनुवादकाला एक फायदा आहे. जुन्या पोर्तुगीज दस्तांशी ज्याचा संबंध आला, त्याला पोर्तुगीजमध्येही पारेंत म्हणजे नातेवाईक आणि आईवडील म्हणजे पाइश हे ठाऊक असते. एव्हेंतुआल्मेंतेचा पोर्तुगीज भाऊही शक्यताच सांगतो. मोर्बिदोपाशी मात्र हीच शिदोरी उलटते. लॅटिनमधला रोगटपणाचा अर्थ पोर्तुगीजने जपला आणि इटालियनमध्ये तो मऊपणाकडे सरकला. साहजिकच इंग्रजी व पोर्तुगीज अशा दोन साक्षीदारांवर विसंबणारा अनुवादक ‘पान्नो मोर्बिदो’ म्हणजे रोगाने दूषित कापड असे बिनदिक्कत लिहू शकतो. मूळ लेखक मऊ कापडाविषयी बोलत असतो. साथीच्या रोगांची वर्णने असलेल्या कागदांत तर ही चूक सहज खपून जाते, कारण संदर्भही तिच्याच बाजूने बोलतो. अशा वेळी शब्द कोणत्या नामाला लागला आहे ते पाहावे. कापड, पाव, मांस, माती यांना लागला असेल तर अर्थ मऊच. रोगट वा विकृत या अर्थाचा इटालियन शब्द मोर्बोझो आहे, आणि रोगासाठी मोर्बो.