चित्रात नसलेलं

एखाद्या पोस्टचा स्क्रीनशॉट लेखात पुरावा म्हणून वापरायचा, तर त्याची संदर्भनोंद करावी लागते. कोणी लिहिलं, काय, कधी, आणि मूळ पोस्ट कुठे आहे? चारही उत्तरं चित्रातच असतील, असं आपण गृहीत धरतो.

ट्विटरचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांची पहिली पोस्ट घ्या. तिचा स्क्रीनशॉट पुण्यातल्या कुणीतरी काढला आहे असं समजू. मी त्याची नोंद अशी करेन:

```
लेखक: jack (@jack)
मजकूर: just setting up my twttr
वेळ: 2:20 AM · Mar 22, 2006 (टाइमझोन दिसत नाही)
लिंक: चित्रात नाही
स्क्रीनशॉट कोणी, कधी काढला: माहीत नाही
```

पण ही पोस्ट तर 21 मार्चची म्हणून प्रसिद्ध आहे! दोन्ही तारखा खऱ्या आहेत. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, वेळ दाखवतं ती बघणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे. पोस्ट पडली तेव्हा यूटीसीनुसार 21 तारखेचे रात्रीचे 8:50 झाले होते. कॅलिफोर्नियात दुपारचे 12:50 होते आणि आपल्याकडे 22 तारीख उजाडली होती. घड्याळ कुणाचं, हे चित्र सांगत नाही.

मग मी गुपचूप 21 लिहिलं तर? तारीख बरोबरच असेल, पण ती चित्रात दिसते असा वाचकाचा समज होईल. ‘डॉर्सी’ हे आडनावही चित्रात नाही, ते मला बाहेरून माहीत आहे. मूळ पोस्ट x.com/jack/status/20 या पत्त्यावर आहे, हेही बाहेरून शोधलेलं. अशा गोष्टी जरूर लिहाव्यात, पण ‘चित्राबाहेरून’ असं म्हणून. आणि मूळ पोस्ट हाती लागली, तर स्क्रीनशॉटऐवजी तिचाच संदर्भ द्यावा.

इथे शोध सोपा होता. आता समजा, स्क्रीनशॉटमध्ये एका अनोळखी माणसाच्या नावावर द्वेषाने भरलेलं वाक्य आहे आणि मूळ पोस्ट कुठेच सापडत नाही. ती डिलीट झाली असेल, किंवा कधी लिहिलीच गेली नसेल. ब्राउझरमध्ये ‘इन्स्पेक्ट’ उघडून कुठल्याही पोस्टचा मजकूर आपल्या स्क्रीनपुरता बदलायला मिनिटभर पुरतं. तशा चित्रात जोडकाम दिसत नाही, कारण अक्षरं त्या पानाच्याच फाँटमध्ये उमटतात.

अशा वेळी लिंकची जागा रिकामी दिसू नये म्हणून त्या माणसाच्या प्रोफाइलची लिंक टाकण्याचा मोह होतो. नोंद पूर्ण दिसते. वाचक क्लिक करतो, माणूस खरा निघतो, आणि वाक्यही त्याचंच असं ठरून जातं. मी एकही खोटा शब्द लिहिलेला नसतो, तरी आरोप सिद्ध झाल्यासारखा दिसतो.

म्हणून तिथे मी ‘मूळ पोस्ट सापडली नाही’ असं लिहितो, शोधल्याची तारीख टाकतो, आणि लेखातही ‘अमुक म्हणाला’ऐवजी ‘अमुकच्या नावाने फिरणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये असं आहे’ असं म्हणतो. वाक्य लांबतं, त्याची धारही जाते. पण माझ्याकडचा पुरावा तेवढाच असतो.