तीन नऊंची साखळी

सर्वांत कच्चा दुवा शोधून तो पक्का केला की साखळी टिकते, ही समजूत जुनी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बॉम्बवर काम करणारे रॉबर्ट लुसर यांच्या नावाने आज जो नियम ओळखला जातो, तो या समजुतीला छेद देतो. सगळे भाग चालले तरच यंत्र चालत असेल, तर प्रत्येक भाग चालण्याच्या शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. त्यामुळे संपूर्ण यंत्र सर्वांत कच्च्या भागाहूनही कच्चे ठरते.

हा नियम क्षेपणास्त्रांतून संगणकसेवांच्या करारांत आला, तेव्हा शक्यतेची जागा टक्क्यांनी घेतली. ‘९९.९ टक्के उपलब्धता’ ऐकायला भक्कम वाटते. पण तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात, म्हणजे या करारात ४३.२ मिनिटे बंद राहण्याची मुभा आहे. ९९.९९ टक्क्यांना ती ४.३२ मिनिटांवर येते.

आता एक ऑनलाइन दुकान घ्या. ऑर्डर पूर्ण व्हायला लॉगिन, साठ्याची नोंद, डेटाबेस, पेमेंट गेटवे आणि एसएमएस या पाचही सेवा लागतात आणि प्रत्येकीचा करार ९९.९ टक्क्यांचा आहे. ०.९९९ पाच वेळा गुणले की सुमारे ०.९९५ उरते. महिन्याला २१६ मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त वेळ दुकान बंद, तेही आपला कोड निर्दोष धरून! मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की पाचांपैकी कुणीही करार मोडलेला नसतो. भरपाई मागायची कुणाकडे? आणि करार मोडला, तरी बहुधा बिलात सूट मिळते, बुडालेला धंदा भरून मिळत नाही.

गुणाकाराचे हे उत्तर बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हाचे. पाचही सेवा एकाच डेटासेंटरवर असतील तर त्या बऱ्याचदा एकत्रच बंद पडतात आणि बेरीज कमी भरते. मात्र त्याच कारणाने तिथे ठेवलेली राखीव प्रतही ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

गूगलच्या अभियंत्यांनी २०१७ साली यावर एक ढोबळ नियम मांडला: ज्यावर अवलंबून राहायचे, त्या सेवेला आपल्या वचनापेक्षा एक नऊ जास्त हवा. पाचही सेवा ९९.९९ टक्क्यांच्या असल्या, तर त्यांच्यापायी साधारण २१.६ मिनिटे जातात आणि आपल्या ४३.२ मिनिटांतली निम्मी स्वतःच्या चुकांसाठी उरतात. त्यांच्याच चबी या अंतर्गत सेवेचा अनुभव मला याहून बोलका वाटतो. ती इतकी क्वचित बंद पडे की इतर संघ तिला अढळ समजू लागले. म्हणून एखाद्या तिमाहीत ती ठरल्यापेक्षा जास्त चालली, तर तिला मुद्दाम थोडा वेळ बंद केले जाई, म्हणजे कुणाची व्यवस्था तिच्याविना कोसळते ते आधीच कळे.

आपल्या दुकानात मात्र महागडा नऊ विकत घेण्याआधी एसएमएसकडे पाहावे. तो जाईपर्यंत ऑर्डर अडवून ठेवायची गरजच नाही. संदेश डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवला आणि नंतर पाठवला, तर साखळीत चारच दुवे उरतात आणि २१६ ची १७३ मिनिटे होतात.